पेटी-तबला दुरुस्तीचं दुकान, पाच कीवर्ड आणि एक गुगल शीट

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका पेठेत पेटी आणि तबला दुरुस्त करणारं छोटं दुकान आहे, दुसरी पिढी चालवतेय. दुकानात काका, एक कारागीर आणि संध्याकाळी कॉलेजवरून आली की काकांची मुलगी, एवढीच माणसं. दुकानाचं नाव, पेठ वगैरे ओळख पटेल असं सगळं इथे काढून टाकलंय आणि आकडे थोडे गोल केलेत, बाकी जसं घडलं तसं लिहितोय.

वेबसाइट मीच तीन वर्षांपूर्वी करून दिली होती. सात पानं, त्यात पेटी दुरुस्तीचं एक, तबल्याचं एक, बाकी आमच्याविषयी, संपर्क असलं नेहमीचं. नंतर तिकडे कुणी बघितलंच नाही, मीही नाही. जानेवारी २०२५ मध्ये काकांचा फोन आला, म्हणाले, "अरे, आपण गुगलवर पहिले होतो ना? आता कुणी म्हणतं दिसत नाही, कुणी म्हणतं दिसतंय. नक्की काय आहे?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण मोजायचं काहीच लावलेलं नव्हतं. साइट गुगलच्या शोधात कुठे दिसते ते दाखवणारं गुगलचंच फुकट टूल, सर्च कन्सोल, जोडायचंच राहिलं होतं.

अडचण

काका रोज सकाळी दुकान उघडलं की स्वतःच्या मोबाइलवर "harmonium repair pune" टाकून बघायचे, आणि त्यांना स्वतःची साइट कायम वर दिसायची. दिसणारच, ते दुकानातच उभे राहून शोधत होते आणि वर्षानुवर्षं त्याच लिंकवर टिचकी मारत होते. त्यांच्या भाच्याला हडपसरला तीच साइट दुसऱ्या पानावर दिसत होती. दोघंही खरं बोलत होते. गुगल ठिकाण बघून निकाल बदलतं आणि दुरुस्ती, क्लास, डॉक्टर असल्या शोधांत तर फारच बदलतं, त्यामुळे "आपला नंबर कितवा" या प्रश्नाला एक उत्तर नसतंच, कुठून, कशावरून, कोणत्या शब्दाला हे आधी ठरवायला लागतं.

दुसरी अडचण जास्त व्यवहाराची होती. काकांना एका एजन्सीने महिना काही हजारांचं पॅकेज सांगितलं होतं आणि ते घ्यावं की नाही हे ठरवायला आत्ताची स्थिती तरी माहीत हवी ना.

कोणते पर्याय बघितले

पैसे भरून घ्यायचं रँक ट्रॅकर पहिल्यांदा बाजूला ठेवलं. ते वाईट असतं असं नाही, शहर किंवा पिनकोड लावून रोजचा नंबर देतं आणि ते सर्च कन्सोल देत नाही. पण पाच-सहा शब्दांसाठी दर महिन्याला डॉलरमध्ये बिल हे या दुकानाला परवडणारं नव्हतं. फुकटच्या ट्रॅकरमध्ये मोजके शब्द मिळतात पण जुना डेटा किती दिवस ठेवतील याची खात्री नसते, आणि वर्षभराने मागे वळून बघता येणं हेच तर आम्हाला हवं होतं.

हाताने शोधून नंबर लिहून ठेवायचा, हा काकांच्या मुलीचा प्रस्ताव. इन्कॉग्निटोमध्ये शोधलं की खरा नंबर दिसतो असं तिचं म्हणणं, बऱ्याच जणांचं असतं. इन्कॉग्निटोने तुमचा जुना इतिहास बाजूला राहतो, ठिकाण मात्र राहतंच, निकालाच्या पानाच्या अगदी तळाशी गुगल ते लिहितंसुद्धा. म्हणजे एका माणसाला एका जागी एका मिनिटाला काय दिसलं, एवढंच कळतं.

शेवटी सर्च कन्सोल आणि गुगल शीट ठरलं. सर्च कन्सोलमधली पोझिशन ही सरासरी असते, खरोखर ज्यांनी ज्यांनी शोधलं त्यांना आपली लिंक कितवी दिसली याची. यात हडपसरचा भाचाही आला आणि कोथरूडची गाणं शिकणारी मुलगीही आली. हाताने शोधायचं आम्ही पूर्ण सोडलं नाही, महिन्यातून एकदा करायचं पण नंबर टिपायला नाही, त्या पानावर आजूबाजूला काय आहे ते बघायला: नकाशा वर आलाय का, जाहिराती किती, डिरेक्टरीवाल्या साइट किती.

काय काय केलं

डोमेनच्या डीएनएसमध्ये TXT रेकॉर्ड टाकून सर्च कन्सोलची डोमेन प्रॉपर्टी उघडली. तेव्हा नीट कळलं की तीन वर्षं किती फुकट गेली. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा दाखवतं खरं, पण जोडण्याआधीचा जुना डेटा मागून भरून देत नाही. म्हणून पहिला पूर्ण महिना फेब्रुवारी २०२५ धरला.

मग शब्द निवडायला बसलो. काकांची यादी ३० शब्दांची होती, त्यात "best harmonium" पण होतं आणि "तबला" हा नुसता शब्दही. मी एकच प्रश्न विचारत गेलो, हे टाइप करणारा माणूस वाद्य घेऊन दुकानात येईल का? नुसतं "तबला" टाकणारा येणार नाही, त्याला कदाचित चित्र हवं असेल. अशी गाळणी लावून पाच गट उरले: पेटी दुरुस्ती, पेटी ट्यूनिंग, तबला दुरुस्ती, तबल्याची पुडी बदलणं, आणि पखवाज दुरुस्ती. गट म्हणतोय कारण लोक एकच गोष्ट दहा प्रकारे टाइप करतात, इंग्रजी अक्षरांत, मराठीत, "repair" आणि "repairing" दोन्ही.

गट पकडायला सर्च कन्सोलमध्ये क्वेरीवर, म्हणजे लोकांनी टाइप केलेल्या शब्दांवर, रेजेक्स फिल्टर लावता येतो, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन त्याला जुळणाऱ्या क्वेरी गाळता येतात. इथे मी पहिली चूक केली. मी सैल फिल्टर लावला, ज्यात harmonium आणि pune दोन्ही आहेत ते सगळं. पोझिशन आली ३.१. काका खूश झाले, मला मात्र खटकलं. खाली क्वेरींची यादी उघडली तर निम्म्याहून जास्त शोध दुकानाच्या नावाचेच होते, कारण दुकानाच्या नावात हार्मोनियम आहे आणि लोक पुढे पुणे लावतात. स्वतःच्या नावाला आपण पहिले असणारच, त्यात काय मोजायचं. सर्च कन्सोलच्या रेजेक्समध्ये "हा शब्द असेल तर वगळ" असं त्याच ओळीत लिहिता येत नाही, म्हणून सरळ दोन्ही टोकं बांधून यादीच दिली:

```
^(harmonium repair pune|harmonium repair in pune|harmonium repairing pune|हार्मोनियम दुरुस्ती पुणे|पेटी दुरुस्ती पुणे)$
```

सुरुवातीची `^` आणि शेवटची `$` खूण असली की क्वेरी तंतोतंत तीच असेल तरच धरली जाते. हा फिल्टर लावल्यावर पोझिशन १२.४ आली. काकांचा चेहरा पडला पण भाच्याला दुसरं पान दिसत होतं ते याच्याशी जुळत होतं. पाचही गटांचे असे फिल्टर शीटच्या एका टॅबमध्ये लिहून ठेवले, म्हणजे दर महिन्याला तेच चिकटवायचं, नव्याने डोकं लढवायचं नाही.

अजून दोन गोष्टी पक्क्या केल्या. देश भारत आणि डिव्हाइस मोबाइल. दुकानात येणारे जवळपास सगळे मोबाइलवरूनच शोधून फोन करतात, म्हणून मोबाइल. या निर्णयाचा सप्टेंबरमध्ये असा काही फायदा झाला की तेव्हा माहीत असतं तर मी स्वतःला हुशार म्हणवून घेतलं असतं.

शीटमध्ये सात कॉलम ठेवले: महिना, गट, क्लिक, इम्प्रेशन म्हणजे आपली लिंक किती वेळा दिसली ते, पोझिशन, कोणतं पान दिसलं, आणि या महिन्यात आपण काय बदललं. पहिले सहा कुणीही भरेल, सातवा भरायचा कंटाळा येतो आणि तोच नंतर कामाला येतो. तारीख दर महिन्याची ५ ठरली, कारण सर्च कन्सोलचे शेवटचे आकडे यायला दोन-तीन दिवस लागतात, एक तारखेला बसलात तर महिना अर्धवट दिसतो.

आकडे वाचायचे दोन नियम आधीच लिहून ठेवले, नाहीतर आकडा बघून नियम बनतो. ज्या गटाला महिन्यात ३० पेक्षा कमी इम्प्रेशन, ती ओळ करड्या रंगात, तिच्यावर काही बोलायचं नाही. आणि पोझिशन तीनपेक्षा जास्त सरकली आणि सलग दोन महिने तशीच राहिली तरच काहीतरी करायचं. हे आकडे कुठल्या पुस्तकातले नाहीत, या साइटचा आवाका बघून आम्ही ठरवलेत, मोठ्या साइटला ३० फारच कमी होतील.

नकाशाचा घोळ

मार्चमध्ये तबला दुरुस्तीच्या गटाची पोझिशन आली ४.२, आणि हाताने शोधलं तर साइट निळ्या लिंकांमध्ये पहिल्या पानावर नाहीच. बराच वेळ मला वाटलं फिल्टर चुकला. मग लक्षात आलं की नकाशाच्या तीन दुकानांच्या यादीत आपलं प्रोफाइल आहे आणि तिथल्या वेबसाइटच्या लिंकचीही मोजणी सर्च कन्सोलमध्ये होते. म्हणजे नकाशातली वरची जागा आणि खालची लिंक यांची खिचडी होऊन ४.२ आलं होतं.

उपाय साधा आहे. गुगल बिझनेस प्रोफाइलमध्ये वेबसाइटचा पत्ता लिहितो तिथे मागे शेपूट लावायचं:

```
?utm_source=google&utm_medium=organic&utm_campaign=gbp
```

मग सर्च कन्सोलच्या पानांच्या टॅबमध्ये शेपटीवाला पत्ता वेगळी ओळ म्हणून दिसायला लागतो. एप्रिलमध्ये दिसलं ते असं: शेपटीवाला पत्ता १.९ वर, साधं तबल्याचं पान १३ वर. नकाशात बरे, लिंकांत मागे. एप्रिलपासून मग सगळ्याच गटांना पानाचा फिल्टर लावला, ज्यात gbp नाही तेच पत्ते. पण पानाचा फिल्टर लावला की सर्च कन्सोल मोजणीची पद्धतच बदलतं, अख्ख्या साइटऐवजी पानापानाने मोजतं, त्यामुळे आकडे थोडे हलतात. फेब्रुवारी-मार्चचे आकडे तोच फिल्टर लावून परत काढले, तरी त्या दोन महिन्यांत शेपूट नसल्याने नकाशा त्यात मिसळलेलाच आहे. पेटीच्या गटात तो फारसा नव्हता म्हणून तिथे फरक नगण्य, तबल्याच्या गटाची तुलना मात्र एप्रिलपासूनच सुरू केली.

जूनमधला घाबरगुंडीचा महिना

मेच्या शेवटी काकांच्या मुलीने एक लेख लिहिला, पावसाळ्यात पेटी आणि तबल्याची काळजी कशी घ्यायची. दमट हवेत पेटीच्या सुरांना गंज चढतो, तबल्याची पुडी सैल पडते, असलं काकांच्या तोंडून ऐकलेलं सगळं. छान होता लेख. ५ जुलैला बसलो तर सर्च कन्सोलच्या पहिल्याच पडद्यावर पूर्ण साइटची सरासरी पोझिशन १३ वरून २४ वर. काका म्हणाले, "लेख काढून टाक, त्यानेच नाट लावला."

खरं तर लेखानेच आकडा हलवला होता, पण साइट घसरली नव्हती. जुन्या पानांना महिन्याला साधारण ९०० इम्प्रेशन होती, पोझिशन १३. लेखाला देशभरातून ११०० नवीन इम्प्रेशन मिळाली, पण ३३ व्या जागी. आता ९०० गुणिले १३ आणि ११०० गुणिले ३३ यांची बेरीज करून २००० ने भागा, बरोबर २४ येतं. जुनी पानं जागची हललीच नव्हती. पाचही गटांच्या ओळी बघितल्या तर कुणीही तीनच्या वर सरकलेलं नव्हतं, आणि एकूण क्लिक तर वाढले होते.

लेख ठेवला. त्या दिवसापासून पूर्ण साइटची सरासरी शीटमध्ये लिहायची बंद केली. खरं म्हणजे तो आकडा पहिल्या महिन्यापासूनच नको होता, पण पडद्यावर एवढा मोठा लिहिलेला असतो की डोळा तिकडे जातोच.

एकाच शब्दासाठी दोन पानं

त्याच बैठकीत "कोणतं पान दिसलं" या कॉलमने खरं काम दिलं. पेटी दुरुस्तीच्या गटात फेब्रुवारीला मुख्य पान, मार्चला दुरुस्तीचं पान, एप्रिलला परत मुख्य पान, मे-जूनला दोन्ही अर्धे अर्धे. पोझिशन मात्र १२ च्या आसपास अडकलेली. दोन्ही पानांचं टायटल बघितलं तर जवळजवळ सारखं, "हार्मोनियम दुरुस्ती, पुणे" आणि पुढे दुकानाचं नाव. माझीच करणी.

तीन गोष्टी करता येत होत्या: दोन्ही पानं एक करायची, एकाचं टायटल बदलायचं, किंवा काहीच न करता अजून थांबायचं. पानं एक करणं मला पटत होतं, पण मुख्य पानावर तबलाही आहे, विक्रीही आहे, सगळं तिथे कोंबलं तर फोन करणाऱ्यालाच शोधायला लागेल. म्हणून मुख्य पानाचं टायटल दुकानाच्या नावाने सुरू केलं, त्यावरून दुरुस्तीच्या पानाकडे सरळ लिंक दिली, आणि दुरुस्तीच्या पानावर काकांकडून विचारून खरी माहिती घातली: भाता गळत असेल तर काय करतात, सूर घासून ट्यूनिंग करायला किती दिवस लागतात, पेटी घरून न्यायला येतात का. सातव्या कॉलममध्ये तारीख लिहिली, ९ जुलै. बाकी त्या महिन्यात कशालाही हात लावला नाही, म्हणजे फरक पडला तर कशाने ते कळेल.

जुलैला ९.८, ऑगस्टला ७.१, सप्टेंबरला ६.४. आणि ऑगस्टपासून पानाच्या कॉलममध्ये एकच पान.

सप्टेंबर

सप्टेंबर २०२५ च्या मधल्या आठवड्यात गुगलच्या पत्त्यात `num=100` लावून एकदम शंभर निकाल मागवायची सोय चालेनाशी झाली. रँक ट्रॅकर टूल्स हीच वापरायची, आणि एका पानावर शंभर निकाल उघडले की सत्तराव्या जागेवरच्या साइटलाही इम्प्रेशन मिळायचं, माणसाने बघितलेलं नसताना. सोय गेल्यावर पुष्कळ साइटची डेस्कटॉपची इम्प्रेशन कोसळली आणि सरासरी पोझिशन आपोआप सुधारली, आणि या क्षेत्रातल्या बहुतेक लोकांनी त्याचा संबंध याच्याशी लावला.

आमच्याकडेही दिसलं. उत्सुकता म्हणून पेटीचा गट डेस्कटॉपवर बघितला तर ऑगस्टला १६० इम्प्रेशन आणि पोझिशन १५, ऑक्टोबरला ९० आणि ९. `num=100` चं माहीत नसतं तर मी जुलैच्या कामाचं श्रेय घेऊन मोकळा झालो असतो. मोबाइलवर असा खड्डा दिसला नाही, म्हणून जुलैनंतरची सुधारणा खरी म्हणता येते.

निष्पन्न काय झालं

पेटी दुरुस्ती १२.४ वरून ऑक्टोबरला ६.९. सप्टेंबरपेक्षा अर्ध्या जागेने खाली आली, नियमाप्रमाणे काही केलं नाही. ट्यूनिंग ८ च्या आसपास, आधीही तेवढंच होतं. तबला दुरुस्तीच्या लिंका १३ वरून ११, म्हणजे फारसं काही नाही, नकाशातली जागा मात्र टिकून. पुडीचा गट ३० इम्प्रेशनच्या वरखाली होत राहिला, अर्धे महिने करडा. पखवाज वर्षभर करडाच. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गुगल गोपनीयतेसाठी क्वेरींच्या यादीत दाखवतच नाही, त्यामुळे खरे शोध किती ते कळत नाही. पखवाज आता लक्ष्य म्हणून काढलाय. आषाढीच्या आधी दिंड्यांचे पखवाज दुकानात येतातच, पण ते एकमेकांच्या सांगण्यावरून येतात, गुगलवरून नाही.

दुकानाच्या वहीत फेब्रुवारीपासून "कुठून कळलं" असा रकाना घातला होता. फेब्रुवारीला पाच जणांनी गुगल सांगितलं, ऑक्टोबरला चौदा जणांनी. पण गणपतीत भजनी मंडळांचं काम वाढतं त्याची शेपूट ऑक्टोबरपर्यंत असते आणि गुगल म्हणजे नकाशा की साइट हे गिऱ्हाईक सांगत नाही. एजन्सीचं पॅकेज घेतलं नाही.

परत करायचं झालं तर

सर्च कन्सोल साइट चालू झाली त्याच दिवशी जोडेन, पुढे कुणी बघो न बघो. प्रोफाइलच्या पत्त्याला शेपूटही तेव्हाच, म्हणजे पहिले दोन महिने वाया जाणार नाहीत. जुलैमध्ये केलेला टायटलचा बदल खरं तर एप्रिलमध्येच करता आला असता, पानं आलटूनपालटून येतायत हे तेव्हाच दिसत होतं, पण माझं सगळं लक्ष पोझिशनच्या आकड्याकडे होतं.

"Harmonium repair near me" वर अजून एकमत नाही. काकांना तो हवाय कारण लोक खरंच तसं टाइप करतात. माझा आक्षेप असा की सर्च कन्सोल देशाच्या खाली शहर दाखवत नाही, त्यामुळे नागपूरच्या माणसाला आपण पन्नासावे दिसलो आणि पेठेतल्या माणसाला दुसरे दिसलो तरी सरासरी एकच. सध्या तो शीटच्या वेगळ्या टॅबमध्ये आहे, फक्त इम्प्रेशन लिहितो, पोझिशनचा रकाना रिकामा. ऑक्टोबरच्या ओळीत सातवा कॉलम पहिल्यांदाच काकांनी स्वतः भरला: "दिवाळी. काही केलं नाही."